शाळकरी धावपटूंचे स्पाइक्स: बूट कोणता आणि खिळा किती लांब? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत शाळांमध्ये क्रीडास्पर्धांचे अर्ज भरायला सुरुवात झाली की माझ्या फोनवर बुटांचे फोटो यायला लागतात. खाली एकच वाक्य असतं, "सर, हे चालतील का?" फोटोवरून उत्तर देता येत नाही. मुलगा काय पळतो आणि कुठल्या मैदानावर पळणार, हे आधी कळायला लागतं. बूट शर्यतीवरून ठरतो आणि खिळा मैदानावरून, पण बहुतेक घरांत या दोन्ही गोष्टी दुकानदारच ठरवून मोकळा होतो. पालक, मुलं आणि नव्याने रुजू झालेले क्रीडाशिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. स्पाइक्स आणि साधे रनिंग शूज यांत नेमका फरक काय?

स्पाइक्सच्या चवड्याखाली एक कडक प्लेट असते आणि त्या प्लेटमध्ये धातूचे छोटे खिळे आट्यांवर बसवलेले असतात. साध्या बुटात टाचेखाली जाड फोम असतो, इथे तो फार कमी असतो किंवा नसतोच. त्यामुळे बूट हलका होतो आणि पाय जमिनीच्या जवळ राहतो. खिळे फक्त पुढच्या भागात असतात, कारण वेगात पळताना जमीन मागे ढकलायचं काम चवडाच करतो. हे बूट घालून रस्त्यावर, फरशीवर किंवा पायऱ्यांवर चालायचं नसतं. डांबरावर शंभर पावलं टाकली तरी खिळ्यांची टोकं बोथट होतात.

२. शंभर-दोनशेचे आणि आठशे-पंधराशेचे स्पाइक्स वेगळे का असतात? दिसायला तर सारखेच दिसतात.

दिसायला सारखे असले तरी वाकवून बघितले की फरक कळतो. शंभर मीटर पळणाऱ्याची टाच शर्यतभर जमिनीला जवळजवळ लागतच नाही. पाय जमिनीवर टेकतो तो सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरता, आणि तेवढ्या वेळात बोटांच्या सांध्यापाशी बूट वाकला तर लावलेला जोर तिथेच मुरतो. म्हणून स्प्रिंटच्या बुटाची प्लेट कडक असते, पुढून वर उचललेली असते आणि बऱ्याच बुटांत टाचेच्या जवळपर्यंत जाते. टाचेखाली नावापुरतं अस्तर असतं. खिळे जास्त, बहुधा सात किंवा आठ, कारण सुरुवातीला पाय टेकवायच्या ब्लॉकमधून निघताना सगळा भार एका चवड्यावर येतो.

आठशेवाल्याला दोन फेऱ्या मारायच्या असतात, पंधराशेवाल्याला पावणेचार. पहिल्या फेरीत तोही चवड्यावर असतो, पण थकल्यावर टाच खाली येतेच. तिथे फोम नसेल तर प्रत्येक पावलाचा दणका पोटरी आणि टाचेमागची जाड शीर झेलते. म्हणून मध्यम पल्ल्याच्या बुटात टाचेखाली पातळ का होईना, फोम असतो. प्लेट फक्त चवड्यापुरती आणि हाताने वाकण्याइतकी लवचिक असते. खिळे बहुधा पाच किंवा सहा. पायाला बाहेरच्या कडेवरून आत वळायला थोडी मोकळीक मिळते, आणि लांब शर्यतीत तीच हवी असते.

स्प्रिंटचा बूट घालून पंधराशे पळलेलं मूल मी पाहिलं आहे. पहिले हजार मीटर ते ऐटीत पळालं. शेवटच्या फेरीत दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या आणि ते जवळजवळ चालतच आत आलं. त्याचा दम अजून शिल्लक होता, पण पोटऱ्यांनी साथ सोडली होती.

३. दुकानात दोन्ही प्रकार ओळखायचे कसे? दुकानदार म्हणतो, "सगळ्याला चालतात."

बुटाची टाच एका हातात धरा, नाक दुसऱ्या हातात, आणि वाकवून बघा. सहज वाकला तर मध्यम पल्ल्याचा, हाताला जोर लावावा लागला तर स्प्रिंटचा. मग टाचेला अंगठ्याने दाबा. अंगठा थोडा रुतला तर फोम आहे. बूट टेबलावर ठेवून बाजूनेही पाहा: स्प्रिंटच्या बुटाचं नाक जास्त वर उचललेलं दिसतं. डब्यावर काय लिहिलं आहे, यापेक्षा या तीन गोष्टींवर विश्वास ठेवा. स्वस्त जोड्यांमध्ये एकच सोल वापरून वरचा रंग तेवढा बदललेला असतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

४. मुलगा दोनशे आणि आठशे दोन्ही पळतो. दोन जोड्या घ्यायच्या का?

नाही, मध्यम पल्ल्याची एकच जोडी घ्या. त्या बुटात दोनशे पळताना तोटा होतो, पण अगदी थोडा. स्प्रिंटच्या बुटात आठशे पळताना मात्र पोटऱ्यांची वाट लागते. शंका असली की जास्त अंतराच्या बाजूने कौल द्यायचा.

चारशेचं थोडं वेगळं आहे. जो शंभर-दोनशे-चारशे पळतो, त्याला स्प्रिंटचा बूट. जो चारशे-आठशे पळतो, त्याला मध्यम पल्ल्याचा. म्हणजे चारशेच्या जोडीला तो दुसरी कुठली शर्यत पळतो, त्यावरून ठरवा. चौदा वर्षांखालच्या गटातलं मूल सहाशे पळत असेल तर त्यालाही मध्यम पल्ल्याचाच.

५. आमची मुलगी आजवर अनवाणी पळून जिंकत आली आहे. तिला स्पाइक्स द्यावेत का, आणि कितव्या वर्षी?

अनवाणी पळायला नियमांची आडकाठी नाही. मैदान मऊ मातीचं असेल आणि तिचे पाय सरावलेले असतील तर घाईही नाही. अडचण येते ती रबराच्या सिंथेटिक ट्रॅकवर. दुपारच्या उन्हात तो इतका तापतो की तळव्यांना फोड येतात. खडीच्या मुरुमावर तळवे फाटतात.

अनवाणी पळणाऱ्या मुलांचे पाय बहुधा भक्कम असतात, ही जमेची बाजू. पण त्यांना पायाखाली कडक काही असण्याची सवय नसते. म्हणून आधी दोन-तीन महिने साधे पातळ सोलचे बूट, मग लवचिक प्लेटचे स्पाइक्स. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, मग तो शंभरच का पळेना, मी पहिली जोडी नेहमी लवचिक प्लेटचीच घ्यायला सांगतो. स्प्रिंटच्या बुटाची कडक प्लेट वाकवून तिचा फायदा उठवण्याइतका जोर त्या वयाच्या पोटरीत नसतो. प्लेट वाकत नाही आणि ताण नुसता शिरेवर येतो.

६. पाय वाढताहेत म्हणून एक नंबर मोठा घेतला तर?

शाळेच्या बुटाला हे चालतं, स्पाइक्सना नाही. खिळा जमिनीत रुततो आणि बूट तिथेच थांबतो. आत पाय सैल असेल तर तो पुढे सरकतो, बोटं नाकावर आदळतात, नखं काळी पडतात आणि टाचेला फोड येतात. वळणावर तर पाय आडवा सरकतो.

उभं राहून, मोजा घालून बघा. स्प्रिंटच्या बुटात सगळ्यात लांब बोट आणि नाक यांच्यात जेमतेम बोटाच्या नखाएवढी जागा असावी. मध्यम पल्ल्याच्या बुटात अर्ध्या पेराएवढी, कारण दोन-तीन फेऱ्यांत पाय थोडा फुगतो. वाढत्या पायासाठी अर्ध्या नंबरापर्यंत सूट द्या, त्यापुढे नको. त्यापेक्षा शाळेतल्या मोठ्या मुलाची वापरलेली जोडी घ्या. फक्त प्लेटला तडा नाही ना आणि खिळ्यांच्या भोकांमधल्या आट्या शाबूत आहेत ना, हे बघा.

७. खिळ्याची लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची? बाजारात कोणत्या लांबीचे मिळतात?

प्लेटच्या बाहेर जेवढा दिसतो तेवढाच मोजायचा, आत जाणारा आट्यांचा भाग धरायचा नाही. खिळा बसवून शेजारी मोजपट्टी उभी धरली की काम झालं. सर्रास मिळणारी मापं म्हणजे ५, ६, ९, १२ आणि १५ मि.मी.

पाकिटावर इंच लिहिलेले असले तर पाव इंच म्हणजे ६ मि.मी.पेक्षा किंचित जास्त, अर्धा इंच म्हणजे साडेबारापेक्षा जरासा जास्त. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ. दुकानात त्यालाच ९ म्हणतात, पण जिथे ९ ची मर्यादा काटेकोरपणे तपासतात तिथे हा अर्धा मि.मी. नडू शकतो. नव्या जोडीबरोबर आलेले खिळे तर मोजूनच घ्या. ते कोणत्या मैदानासाठी आहेत, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

८. कोणत्या मैदानावर किती लांबीचा खिळा?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

खिळा पूर्ण रुतला पाहिजे आणि प्लेट जमिनीला टेकली पाहिजे. लांबीचं सगळं गणित यातच येतं. खिळा त्याहून लांब असेल तर धावपटू खिळ्यांच्या टोकांवर उभा राहतो. आखूड असेल तर वरचा भुसभुशीत थर खिळ्यासकट मागे सरकतो.

सिंथेटिक ट्रॅकवर ६ मि.मी. घ्या. रबराचा थर साधारण १३ मि.मी. जाड असतो आणि त्याखाली डांबर. तिथे भोक पाडून पकड मिळवायची नसते. टोकाने रबर दाबलं जातं आणि तेच पाय धरून ठेवतं. १२ मि.मी.चा खिळा त्या थराच्या जवळजवळ तळाशी जातो, रबर फाडतो आणि उपसून काढायला जास्त जोर लागतो. म्हणूनच अनेक मैदानांचे व्यवस्थापक ६ पेक्षा लांब खिळ्याला आत सोडत नाहीत. पाऊस पडला म्हणून सिंथेटिकवर खिळा वाढवायची गरज नाही. रबर ओलं होतं, पण मऊ पडत नाही.

कोरड्या, रोलर फिरवलेल्या मुरुमावरही ६ च. तिथे ९ चा खिळा खाली खड्यावर आपटतो, वाकतो आणि पायाला टोचल्यासारखं होतं. रात्री पाऊस पडून सकाळी दमट झालेल्या मातीवर ९. पाय टाकला की ठसा उमटतो पण चिखल उडत नाही, ती ही माती. बूट खरोखर रुततो अशा चिखलावर आणि ओल्या उंच गवतावर १२. त्याहून लांब, १५ चा, क्रॉस कंट्रीच्या शेतातल्या वाटांसाठी असतो. शाळेच्या ट्रॅकवर मला तो कधी लागला नाही.

मातीवर लांबी बरोबर आहे का, हे तपासायची सोपी पद्धत आहे. मुलाला शर्यतीच्या वेगाने वीस मीटर पळवा आणि मग खाली वाकून ठसे बघा. नुसती भोकं दिसली, प्लेटचा ठसा नाही, तर खिळा लांब आहे. भोकांच्या मागे ओरखडल्यासारखी चर दिसली तर पाय सरकतोय, म्हणजे खिळा आखूड आहे. स्वच्छ भोकं आणि त्यांच्याभोवती प्लेटचा पुसट ठसा दिसला तर खिळ्यांना हात लावू नका. सिंथेटिकवर ठसे दिसत नाहीत, तिथे मुलालाच विचारा. खिळा लांब असेल तर ते म्हणतं, "पाय चिकटतोय" किंवा "उंचावर उभं राहिल्यासारखं वाटतंय."

९. लांब खिळा म्हणजे जास्त पकड, आणि जास्त पकड म्हणजे जास्त वेग ना?

पाय सरकत नाही तेवढी पकड पुरे. त्यापुढे खिळा जितका खोल जातो तितका तो बाहेर उपसावा लागतो. शाळेतला मुलगा शंभर मीटरला साधारण बावन्न-पंचावन्न पावलं टाकतो. पंधराशे पळणारी मुलगी पावणेदोन मीटरचं पाऊल धरलं तर साडेआठशेहून जास्त. तो जास्तीचा उपसा प्रत्येक पावलाला भरावा लागतो, म्हणून लांब पल्ल्यात तो जास्त अंगावर येतो.

१०. मग एकाच मैदानावर स्प्रिंटरचा आणि आठशेवाल्याचा खिळा वेगळा असावा का?

सिंथेटिकवर नाही, दोघांना ६. मातीवर मात्र कधी कधी हो. सुरुवातीची जागा दिवसभर मुलांच्या पायांनी उकरलेली असते आणि स्प्रिंटरचा सगळा जोर पहिल्या दहा मीटरांत लागतो. तिथे तो सरकला तर शर्यत तिथेच संपते. म्हणून ६ की ९ अशी दुविधा असेल तर शंभरवाल्याने ९ घ्यावा. आठशेवाला उभा राहून सुटतो, त्याला पहिल्या पावलाची इतकी चिंता नसते. त्याने प्रश्न ९ मधल्या हिशेबाने ६ घ्यावा.

याला एक अपवाद आहे. अनेक शाळांच्या मैदानावर चारशेचा ट्रॅक बसत नाही म्हणून दोनशेचा आखतात. त्याची वळणं आखूड असतात आणि आठशेवाल्याला अशी आठ वळणं घ्यावी लागतात. माती दमट असेल आणि वळणावर पाय बाहेर जात असेल तर त्यालाही ९ द्या.

११. नियम काय सांगतो?

जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार एका बुटाला जास्तीत जास्त ११ खिळे चालतात. सिंथेटिकवर खिळा प्लेटच्या बाहेर ९ मि.मी.पेक्षा जास्त असता कामा नये. उंच उडी आणि भालाफेकीला १२ ची सूट आहे. या दोन प्रकारांत ज्या टप्प्यावर जोर पडतो तिथे ट्रॅकचा थर मुद्दाम जाड केलेला असतो. सिंथेटिक नसलेल्या मैदानावर २५ पर्यंत मुभा आहे. सोलची जाडी ट्रॅकवरच्या धावण्याच्या सगळ्या शर्यतींना १ नोव्हेंबर २०२४ पासून २० मि.मी.पर्यंतच. शाळकरी मुलांच्या नेहमीच्या स्पाइक्सना या जाडीची अडचण येत नाही. फक्त महागड्या फोमच्या जोड्या आणि रस्त्यावरच्या शर्यतींचे जाड बूट तपासून घ्यावेत.

हे झाले वरचे आकडे. मैदानाच्या मालकाने याहून आखूड खिळा सांगितला तर त्याचंच चालतं, आणि बहुतेक ठिकाणी तो ६ च सांगतो. माहितीपत्रकात लिहिलेलं नसेल तरी ६ चा संच पिशवीत असू द्या.

१२. खिळ्यांचे आकारही वेगवेगळे दिसतात. कोणता घ्यावा?

खाली रुंद आणि वर निमुळता, सुळक्यासारखा खिळा सगळीकडे चालतो. शाळकरी मुलाला तोच घ्या. पायऱ्या-पायऱ्यांचा, ख्रिसमसच्या झाडासारखा दिसणारा खिळा सिंथेटिकसाठी बनवलेला असतो. तो रबर न फाडता दाबतो, पण मातीत त्याच्या पायऱ्यांमध्ये चिखल भरतो आणि तो बोथट होऊन बसतो. सुईसारखा बारीक खिळा घेऊच नका. अनेक सिंथेटिक ट्रॅकवर तो चालत नाही, आणि आठशेच्या घोळक्यात कुणाच्या नडगीवर बसला तर जखम खोल होते.

१३. तालुक्याला माती, राज्याला सिंथेटिक. वर्षभर खिळ्यांचं नियोजन कसं करायचं?

माझ्या दोन मुलांचं एक वर्ष सांगतो. मुलगा नववीत, शंभर-दोनशे पळायचा. त्याच्या बुटाला प्रत्येकी सात खिळे. मुलगी दहावीत, आठशे-पंधराशे, तिच्या बुटाला सहा. म्हणजे त्याचा एक संच चौदा खिळ्यांचा, तिचा बाराचा. दोघांसाठी ६ आणि ९ चे संच घेतले. १२ चा एकच संच घेतला, तो ज्याला लागेल त्याने वापरायचा.

तालुका स्पर्धा सप्टेंबरात, लाल मुरुमाच्या मैदानावर, आदल्या रात्री पाऊस. सकाळी दोघांनी ९ लावून वीस-वीस मीटर पळून दाखवलं. मुलीचे ठसे स्वच्छ होते, तिला तसंच सोडलं. मुलाचे ठसे मैदानाच्या मध्यावर बरे होते, पण शंभरच्या सुरुवातीला, जिथे लहान गटाची मुलं सकाळपासून सुटत होती, तिथे भोकांच्या मागे चार बोटं लांब चरा पडल्या. त्याला १२ लावले. फक्त पुढचे चार खिळे बदलावेत असा मोह झाला होता, पण तसं केलं की प्लेट मागे कलते आणि पोटरी ताणली जाते. सगळे सारखेच ठेवायचे.

जिल्ह्याला ऑक्टोबर उजाडला होता. मैदान काळ्या मातीचं, रोलर फिरवलेलं आणि उन्हाने तडकलेलं. दोघांनी ६ लावले. तिथे एका दुसऱ्या शाळेतला मुलगा १२ लावून पळताना पाहिला. त्याचे खिळे अर्धेही रुतत नव्हते आणि वळणावर त्याचा घोटा डुगडुगत होता.

राज्य स्पर्धा बालेवाडीला, सिंथेटिकवर. काही बदलायचं नव्हतं, दोघांचे ६ तसेच होते. तरी घोळ झालाच. शर्यतीआधी बूट तपासतात त्या कॉल रूममध्ये मुलीच्या उजव्या बुटात एक ९ चा खिळा सापडला. तालुक्यानंतर ती बदलत असताना तो गंजून निघाला नव्हता, आणि तिने मला न सांगता तसाच ठेवला होता. पक्कड मागून आणेपर्यंत तिच्या शर्यतीला दहा मिनिटं उरली होती. वॉर्म-अप गेला, शर्यत कशीबशी झाली. चूक माझीच होती, निघण्याआधी मी बूट उलटे करून पाहिले नव्हते. आता निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक बूट मी स्वतः उलटा करून खिळे मोजतो.

१४. खिळे बदलायचे कसे? अडकलेला खिळा कसा काढायचा?

बुटाबरोबर येणाऱ्या टी आकाराच्या चावीने. लावताना आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवा. सरळ बसतोय असं वाटलं की मगच चावी लावा. वाकडा आत गेला तर प्लेटमधल्या आट्या तासल्या जातात आणि ते भोक कायमचं वाया जातं. घट्ट म्हणजे चावी सहज थांबेपर्यंत, त्यापुढे पाव फेरी. जोर लावून पिळू नका. सरावलेल्या हाताला चौदा खिळ्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, पहिल्यांदा बदलणाऱ्याला पाऊण तास धरा.

आपल्याकडे मातीत आणि पावसात खिळे गंजतात. दर पंधरा दिवसांनी सगळे काढा, भोकातली माती टाचणीने उकरा, आट्यांना व्हॅसलीनचं बोट लावा आणि परत बसवा. अडकलाच तर खोबरेल तेलाचे किंवा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पकडीने धरून फिरवा. चावी घसरत असेल तर खिळ्याच्या बाजू झिजलेल्या असतात, तिथे पक्कडच लागते.

एखादं भोक रिकामं ठेवायचं असेल तर त्यात टोक नसलेलं बूच लावा, नाहीतर माती आत गच्च बसते.

१५. नवीन स्पाइक्स घालून दोन दिवस पळाला आणि पोटऱ्या भरून आल्या. बूट चुकीचा आहे का?

बहुधा बूट बरोबर आहे, घाई झाली आहे. टाच खाली आल्याने पोटरी आणि टाचेमागची शीर रोजच्यापेक्षा जास्त ताणली जाते. पहिल्या आठवड्यात फक्त एक दिवस, साध्या बुटात पूर्ण वॉर्म-अप करून साठ-साठ मीटरचे चार धावे, मोकळ्या वेगाने. दुसऱ्या आठवड्यात सहा धावे. तिसऱ्यात वळणावरचे दीडशेचे तीन. त्यानंतरही आठवड्यात दोनदाच, बाकी सराव साध्या बुटात. शर्यतीच्या आधी किमान तीन आठवडे जोडी हातात असायला हवी. आदल्या दिवशी घेतलेले स्पाइक्स घालून पळवू नका.

पण दुखणं पोटरीच्या मांसात नसून टाचेच्या वर, शिरेवर बोट ठेवल्यावर नेमकं जाणवत असेल, किंवा सकाळी उठल्यावर पहिली पावलं लंगडत पडत असतील, तर स्पाइक्स बंद करून डॉक्टरांना दाखवा. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी दुखत असेल तरीही तेच.

१६. आमच्या बुटाचे खिळे निघतच नाहीत. मैदान बदललं तर काय करायचं?

काही स्वस्त जोड्यांत खिळे प्लेटमध्येच पक्के बसवलेले असतात. आधी लांबी मोजा. ६ च्या आसपास असतील तर सिंथेटिक आणि कोरडा मुरूम दोन्हीकडे चालतील. ओल्या मातीवर कमी पडतील, पण ते सहन करता येतं. ९ पेक्षा लांब असतील तर ती जोडी सिंथेटिकवर नेऊ नका, कॉल रूममध्ये थांबवतील. कानशीने घासून आखूड करायचा प्रयत्न एका पालकांनी केला होता. टोक सपाट झालं, पकड गेली आणि कडा इतक्या धारदार झाल्या की ते बूट शेवटी टाकून द्यावे लागले.

१७. शंभर पळणारा मुलगा लांब उडीही मारतो. त्याच बुटात चालेल का?

चालेल. शाळेच्या पातळीवर स्प्रिंटच्या बुटात लांब उडी सर्रास मारतात आणि खिळ्यांचे नियम धावण्याचेच लागतात. उंच उडीच्या बुटाला टाचेखालीही खिळे असतात, ते बूट घालून पळायचं नसतं. तिहेरी उडी मारत असेल तर टाचेवर मोठा दणका येतो, तिथे मात्र स्प्रिंटचा बूट नको.

१८. सकाळी हीट ओल्या मातीवर आणि दुपारी फायनल कडक मैदानावर. खिळे बदलायचे का?

दोन्हींत तीन तासांहून जास्त अंतर असेल आणि ऊन चांगलं पडलं असेल, तर दुपारी पुन्हा ठसे बघा. नुसती भोकं दिसू लागली असतील तर ६ लावा. अंतर तासाभराचं असेल तर बदलू नका. घाईत एखादा खिळा वाकडा बसण्याचा धोका लांबीतल्या ३ मि.मी.च्या फरकापेक्षा मोठा असतो. फक्त खिळ्यांमध्ये अडकलेला सकाळचा चिखल काडीने काढून टाका. तो सुकला की प्लेटखाली ढेकूळ होतो आणि ९ चा खिळा ५ चा होऊन बसतो.